खाडीत, नदीत कुत्रा पोहताना: दम कसा ओळखायचा, कान कसे सुकवायचे

आमच्या वाडीच्या जेटीवर उभं राहिलं की खाडीचं पाणी तळ्यासारखं निवांत दिसतं. सहा वर्षांपूर्वी त्याच पाण्यात माझा मोती एका तरंगत्या नारळामागे गेला. मोती गावठी, चार वर्षांचा, काटक अंगाचा आणि रोज पाण्यात जाणारा. नारळ पुढे, मोती मागे आणि दोघेही माझ्यापासून लांब चाललेले. मी हाक मारली तसा तो वळला, माझ्याकडे तोंड करून पाय मारू लागला, पण जागचा हलेना. मग हळूहळू मागे जायला लागला. जाळी काढून परतणाऱ्या एका तात्यांनी होडी वळवली आणि त्याला मानेच्या कातडीला धरून आत ओढलं. काठाला लागल्यावर ते मला म्हणाले, "सुकती लागलीय, दिसत नाही काय तुला? कुत्र्याला काय कळणार त्यातलं?" सुकती म्हणजे ओहोटी.

मोती वाचला या आनंदात मी त्याला तसाच ओला घरी आणला आणि अंगणात सोडून दिला. आठवड्याभरानं तो डोकं झटकायला लागला. डाव्या कानातून आंबूस वास, आत तपकिरी मळ. झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साकळलं आणि ती पुरीसारखी फुगली. कानाचं ते दुखणं दोन महिने चाललं.

पहिल्यांदा कुत्रा घेऊन पाण्यावर येणाऱ्यांसाठी, विशेषतः पुण्या-मुंबईहून सुट्टीत इकडे कुत्रा आणणाऱ्यांसाठी, मी आता काय करतो ते क्रमानं लिहितो.

आधी पाणी निवडा, मग वेळ

खुल्या समुद्रात नवशिका कुत्रा मी उतरवतच नाही. लाट तोंडावर आली की तो खारं पाणी पितो, घाबरतो, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. किनाऱ्यावर पळू दे, घोट्याएवढ्या पाण्यात भिजू दे, तेवढं पुरे.

नदीत उतरवायचं तर आधी गावात विचारा. चिपळूणची वाशिष्ठी, खेडची जगबुडी, महाडची सावित्री या नद्यांत मगरी आहेत. थंडीत त्या काठावर उन्हाला पडलेल्या लोकांना दिसतात, आणि काठाशी पाणी पिणारा कुत्रा हे मगरीचं नेहमीचं भक्ष्य आहे. तिथल्या माणसानं "इथे नको" म्हटलं की विषय संपला. पावसाळ्यात तर कोणत्याच नदीत, व्हाळात, पऱ्यात नको. गढूळ पाण्याला ओढ असते, खाली काय वाहत येतंय ते दिसत नाही, आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती असते. कुत्र्याच्या वार्षिक लसीत लेप्टो धरलेला आहे की नाही हे कोकणात येण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या. पहिल्यांदाच देत असतील तर काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नाही.

नवशिक्यासाठी मला सर्वात बरी वाटते ती खाडीच्या आतली, वाळूचा हळूहळू उतार असलेली जागा. खडकाळ काठ नको. खडकांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पायाचे तळवे ब्लेडसारखे कापतात. कांदळवनाचा काठही नको, कारण तिथला चिखल कुत्र्याला पोटापर्यंत धरतो आणि मुळांत दोरी अडकते. लावलेली जाळी कुठे आहेत तेही पाहून घ्या.

खाडीत वेळ म्हणजे भरती-सुकतीची वेळ. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा. हे अंदाजाचं गणित आहे. मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणून जेटीवर एकाला विचारून खात्री करा. पूर्ण भरतीनंतर पाणी थोडा वेळ थांबल्यासारखं होतं, मग सुकती लागते, आणि सुकतीच्या मधल्या दोन तासांत ओढ सर्वात जास्त असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ती आणखी वाढते. मोती गेला तो नेमका हा मधला काळ होता. तात्यांना पाण्याकडे बघून ते कळलं, कारण जेटीच्या खांबांमागे पाण्याची शेपटी पडली होती आणि बांधलेल्या होड्यांची तोंडं वळली होती. मी खांब बघितलेच नव्हते.

म्हणून कुत्रा उतरवायचा तो भरतीच्या शेवटच्या तासात. तेव्हा ओढ मंदावलेली असते, आणि जी काही असते ती आत, गावाकडे नेणारी. कुत्रा दमलाच तर तो समुद्राच्या दिशेनं जात नाही. पूर्ण भरती झाली की खेळ बंद. कुत्रा कितीही भुंकला तरी.

सोबत काय हवं

पाठीवर उचलायला पट्टा असलेलं कुत्र्याचं लाइफ जॅकेट हवंच. पहिल्या दिवशी तर कुठल्याही जातीच्या कुत्र्याला हवं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तरंगत राहायला डोकं फार वर धरावं लागतं, त्यामुळे मागचं अंग बुडतं आणि श्वासही पुरत नाही. त्यांना जॅकेट घालूनसुद्धा पोटाएवढ्या पाण्यापुढे नेऊ नका. डॅशहाउंडसारख्या आखूड पायांच्या, म्हाताऱ्या आणि वजन वाढलेल्या कुत्र्यांनाही लवकर दम लागतो.

दुसरी वस्तू म्हणजे आठ-दहा मीटर दोरी. मासेमारीच्या दुकानात पाण्यावर तरंगणारी हलकी दोरी मिळते, तीच घ्या. बुडणारी दोरी पायांत गुंतते. दोरी जॅकेटच्या किंवा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला बांधायची, गळपट्ट्याला नाही. गळ्यातली साखळी तर पाण्यात जाण्याआधी काढूनच ठेवा. याशिवाय गोडं पिण्याचं पाणी, दोन जाड सुती पंचे आणि कान सुकवायचं औषध. औषधाबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

पाण्यात जाण्याआधी दोन-तीन तास पोटभर जेवण नको.

पहिली उतरणी

गेल्या कार्तिकात माझा पुतण्या पुण्याहून त्याचा ब्रुनो घेऊन आला. लॅब्राडॉर, चार वर्षांचा, छत्तीस किलो, फ्लॅटमध्ये वाढलेला, रोज अर्धा तास चालणारा. पुतण्या म्हणाला, "काका, लॅब आहे तो, जन्मजात पोहतो. जॅकेट कशाला?" लॅब्राडॉरला पाण्याची ओढ जन्मजात असते हे खरं. पण पाय कसे मारायचे आणि कधी थांबायचं हे त्याला येतंच असं नाही. थांबणं तर या जातीला बहुतेक येतच नाही.

वद्य दशमी होती, म्हणजे मुखाशी साडेसातची भरती, आमच्याकडे आठच्या सुमारास. आम्ही सातला वाळूवर पोचलो. पहिली दहा मिनिटं ब्रुनोला फक्त चालवलं, आधी घोटाभर पाण्यात, मग पोटाला पाणी लागेल इतकं. मी त्याच्या पुढे, पाण्याच्या बाजूला. पुतण्या काठाशी दोरी धरून. कुत्र्याला उचलून खोल पाण्यात टाकायचं नाही. एकदा तसं झालं की तो पाण्याला कायमचा भितो, किंवा घाबरून तुमच्या अंगावर चढतो.

मग एक पाऊल खोल गेलो. त्याचे पाय सुटले तशी त्यानं पुढच्या पायांनी धपाधप पाणी उडवायला सुरुवात केली. मागचे पाय विसरलेच. नव्या कुत्र्याचं असंच होतं. मी एक हात त्याच्या पोटाखाली, मांड्यांच्या थोडा पुढे धरला आणि मागचं अंग वर उचललं. शरीर आडवं झालं की मागचे पाय आपोआप चालू लागतात. तीन-चार हात अंतर गेल्यावर हाताला त्याचा भार लागेनासा झाला आणि पाणी उडणं थांबलं. तिथून त्याला वळवून काठाकडे आणलं. पहिली फेरी एवढीच, मिनिटभराची. त्यानंतर वाळूवर पाच मिनिटं बसवलं.

पोहायचं नेहमी काठाला समांतर किंवा काठाकडे. काही फेकायचंच असेल तर ते काठाच्या बाजूला फेका, खोल पाण्याकडे नको.

पाठ बघत राहा

जमिनीवर दमलेला कुत्रा उभा राहतो, बसतो, सावली शोधतो. पाण्यात उभं राहायची सोय नाही. प्रत्येक क्षणी चारही पाय चालवावे लागतात, मान वर धरावी लागते आणि श्वास घेताना तोंडात पाणी जातं. जमिनीवर अर्धा तास सहज पळणारा कुत्रा पाण्यात पाच मिनिटांत संपतो, तो याच कारणानं. आणि काठावर तुम्ही टाळ्या वाजवत असाल तर तो संपेपर्यंत येत राहतो.

म्हणून तोंडाकडे बघू नका, पाठीकडे बघा. नीट पोहणाऱ्या कुत्र्याचं नाक, खांदे आणि शेपटीचं मूळ साधारण एका रेषेत, पाण्याच्या पातळीला असतं. शेपूट सुकाणूसारखी मागे सरळ असते. पुढचे पाय पाण्याखाली चालतात, वर फारसं पाणी उडत नाही. आवाज येतो तो फक्त फुरफुर श्वासाचा.

दम लागू लागला की सगळ्यात आधी शेपूट खाली जाते. मग कंबर बुडते आणि आडवी रेषा तिरपी होते. मागचं अंग खाली गेलं की तो डोकं वर ताणतो, आणि पुढचे पंजे पाण्याबाहेर येऊन छपछप करायला लागतात. डोळे मोठे होतात, कडेचं पांढरं दिसतं. सगळ्यात शेवटी तो जवळजवळ उभा होतो, जणू शिडी चढतोय. हे शेवटचं रूप दिसलं तर हाताशी काही सेकंदच आहेत. शेपूट खाली गेलेली दिसली की त्याच क्षणी दोरीनं काठाकडे घ्यायचं, पुढच्या खुणेची वाट बघायची नाही.

एक घोटाळा टाळा. घाबरलेला नवा कुत्रासुद्धा छपछप करतो. पहिल्या पावलापासून छपछप असेल तर ती भीती, पोटाखाली हात द्या. आधी नीट आडवा पोहून मग छपछप सुरू झाली तर तो दम, बाहेर काढा.

ब्रुनोची दुसरी फेरी दीड मिनिटांची झाली, तिसरी दोनची. दोन्हींत पाठ सुरेख आडवी. पुतण्या खूश होऊन म्हणाला, "आता पाच मिनिटं जाऊ दे त्याला." चौथ्या फेरीत चाळीस-पन्नास सेकंदांत शेपूट पाण्याखाली गेली. मी दोरी ओढायला सांगितली. ब्रुनो काठावर आला, अंग झटकलं आणि लगेच पुन्हा पाण्याकडे निघाला. पुतण्याला वाटलं, मी उगाच काढला. मग आम्ही ब्रुनोचा श्वास बघत बसलो. आधीच्या फेऱ्यांनंतर धाप पाच मिनिटांत उतरत होती, या वेळी दहा मिनिटं झाली तरी जीभ बाहेर, चमच्यासारखी पसरलेली. धाप उतरायला लागणारा वेळ दुप्पट झाला की त्या दिवसाचं पोहणं संपलं असं समजायचं. म्हणजे ब्रुनो त्या दिवशी एकूण साडेपाच मिनिटंसुद्धा पोहला नाही, आणि छत्तीस किलोच्या फ्लॅटमधल्या कुत्र्याला पहिल्या दिवशी तेवढं भरपूर होतं. पुढे दर खेपेला मिनिटा-दोन मिनिटांनी वाढवा. अनेक आठवडे मुरल्यावरही सलग दहा मिनिटांपुढे मी कुठल्याच कुत्र्याला नेत नाही, मध्ये बाहेर काढतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या घाबरून मला उठवायला आला. ब्रुनोची शेपूट मुळापासून दोन बोटं सरळ आणि पुढे दोरीसारखी लोंबत होती. हात लावला की कण्हत होता. पोहण्याची सवय नसलेल्या कुत्र्यात शेपटीच्या मुळाचे स्नायू ताणले की असं होतं. हाड मोडलेलं नसतं. तरी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी विश्रांती आणि कुत्र्याचं वेदनाशामक दिलं, चौथ्या दिवशी शेपूट हलायला लागली. घरातली माणसांची दुखण्याची गोळी अशा वेळी देऊ नका, त्यातल्या काही कुत्र्याला विषासारख्या असतात.

पोटात गेलेलं पाणी

वारंवार चेंडू आणणारा कुत्रा प्रत्येक खेपेला घोटभर पाणी पितो, कारण चेंडू धरायला तोंड उघडं ठेवावं लागतं. चपटी, पातळ वस्तू दिली तर तोंड कमी उघडतं. खारं पाणी फार गेलं तर उलटी-जुलाब होतात. नदी-तलावाचं गोडं पाणी फार गेलं तरी मोठा धोका आहे, रक्तातलं मीठ पातळ होतं आणि मेंदूला सूज येते. पोहल्यानंतर पोट तट्ट फुगलेलं, लाळ गळतेय, उलट्या, दारू प्यायल्यासारखी चाल, हिरड्या फिक्या, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, यातलं काही दिसलं तर झोपू द्यायचं नाही. तडक दवाखाना गाठायचा. तासाभरात तो आकडी येण्यापर्यंत जाऊ शकतो. जवळचा जनावरांचा दवाखाना कुठे आहे आणि रविवारी कोण भेटतं, हे पाण्यावर जाण्याआधी विचारलेलं बरं. इकडे एका गावाहून दुसऱ्या गावाला घाट-वळणांत तास सहज जातो.

पाण्यात गुदमरलेला कुत्रा शुद्धीवर आला, चालू लागला, तरी त्याच दिवशी दाखवा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. खोकला आणि जोरजोरात चालणारी बरगडी ही त्याची खूण.

आणि कुत्रा वाहून जायला लागला तर त्याच्यामागे उडी मारू नका. घाबरलेला कुत्रा माणसाच्या डोक्यावर चढतो. काठानं पळत त्याच्या पुढे जा, पाणी जिथे काठाशी येतं तिथे उभं राहून हाक मारा. तो ओढीच्या विरुद्ध तुमच्याकडे येण्यात जीव घालवत असतो. तुम्ही खालच्या बाजूला गेलात की त्याचं तोंडही तिकडे वळतं आणि ओढच त्याला मदत करते. मोतीच्या वेळी मी जेटीवर जागच्या जागी उभा राहून हाका मारत होतो. त्याला विरुद्ध पोहायला मीच लावलं होतं.

तलाव, विहीर, शेततळं

पोहण्याच्या तलावात ओढ नसते, पण चारी बाजूंना उभी भिंत असते. कुत्रा पडतो तिथेच काठाला पंजे लावत राहतो. पायऱ्या दुसऱ्या टोकाला आहेत हे त्याला सुचत नाही. म्हणून तलावात पोहायला शिकवण्याआधी बाहेर पडायला शिकवा. पायऱ्यांवर उभं करून पाण्याकडे तोंड, मग वळवून बाहेर. मग पायरीपासून एक हात लांब सोडून, मग डावीकडून, मग उजवीकडून. आठ-दहा वेळा झालं की पायऱ्यांच्या बाजूला एखादी ठळक कुंडी ठेवा आणि तलावाच्या मधून सोडून बघा तो कुंडीकडे वळतो का. तलावाचं पाणी पिऊ देऊ नका. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा.

शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर नख टिकत नाही. त्यात पडलेलं जनावर स्वतःहून वर येत नाही. तुमच्या बागेत शेततळं असेल तर काथ्याचा जाड दोर किंवा जुनी जाळी काठाला पक्की बांधून दोन-तीन ठिकाणी पाण्यात सोडून ठेवा. बिनकठड्याच्या चिऱ्याच्या विहिरीजवळ रात्री कुत्रा मोकळा सोडू नका.

बाहेर आल्यावर: आधी कान

कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. ती आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, म्हणून आत गेलेलं पाणी वळणाशी साचतं. लॅब्राडॉर, स्पॅनियल, बीगल यांचे कान वरून झाकलेले, त्यात कोकणातली दमट हवा. असा ओला उबदार कोपरा मिळाला की तिथे आधीपासून थोडंफार असणारं यीस्ट आणि जंतू वाढतात. ब्रुनोचे कान आम्ही वाळूवरच, धाप उतरल्यावर लगेच, असे सुकवले.

आधी त्याला मनसोक्त डोकं झटकू दिलं. निम्मं पाणी त्यातच जातं. मग अंगावर बाटलीतलं गोडं पाणी ओतून मीठ काढलं, कानाची भोकं मात्र हातानं झाकून. कोरड्या पंचानं पाळी आतून-बाहेरून पुसली. पाळीच्या घड्यांमध्ये, कडेच्या छोट्या खिशात, वाळू अडकते ती बोटानं काढली.

मग औषध. जनावरांच्या डॉक्टरांकडे कान साफ करून सुकवणारं द्रावण मिळतं, पोहणाऱ्या कुत्र्यासाठी हवं म्हणून सांगा. बाटली हातात धरून कोमट केली, कारण थंडगार थेंब गेला की कुत्रा पुढच्या वेळी बाटली बघून पळतो. पाळी वर धरून हळू ताणली, म्हणजे नळी थोडी सरळ होते. बाटलीचं टोक आत न खुपसता नळी भरेल इतकं द्रावण सोडलं. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या बाजूला, अंगठा आणि दोन बोटांत ती नळी लागते, कडक रबरी पाइपसारखी. ती वीस-तीस सेकंद चोळली. पचपच आवाज येतो, तो आला पाहिजे. आवाज आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोचलं. ब्रुनोनं या वेळी डोळे मिटले आणि मागचा पाय हलवत राहिला. सोडल्यावर त्यानं जोरात झटकलं, समोर बसलेल्या पुतण्याच्या चष्म्यावर सगळं उडालं. शेवटी बोटाला कापसाचा सपाट बोळा गुंडाळून, बोट जाईल तेवढंच आत पुसलं. मग तसंच दुसऱ्या कानाचं, नवा बोळा घेऊन.

कान साफ करायची काडी वापरू नका, ती मळ वळणापाशी ढकलून दाबते. हेअर ड्रायरची गरम हवा नको. स्पिरिट, पेरॉक्साइड नको, आत साल निघते आणि आग होते. आमच्याकडे दुखणाऱ्या कानात कोमट खोबरेल सोडायची पद्धत आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांनी मोतीच्या कानात तेच प्रेमानं सोडलं होतं. तेलानं ओल आत कोंडून राहिली आणि वर मळ चिकटला. कुत्र्याच्या कानात तेल नको. आणि कान आधीच लाल, दुखरा, वास मारणारा असेल, किंवा कुत्रा डोकं एका बाजूला कलतं धरत असेल, तर हे द्रावणसुद्धा घालू नका. पडदा फाटलेला असेल तर ते आतल्या कानात जाऊन तोल आणि ऐकणं बिघडवू शकतं. आधी डॉक्टरांना आत बघू द्या.

द्रावण पोहल्यावर एकदाच, रोज नाही. रोज घातलं तर कातडी सोलवटते. त्याऐवजी पुढचे सात-आठ दिवस सकाळी पाळी उचलून बघा आणि नाक लावून वास घ्या. निरोगी कानाला हलका मेणासारखा वास असतो, आत कातडी फिकी गुलाबी. आंबलेल्या पिठासारखा वास, तपकिरी मळ, दिवसभरात चार-पाच वेळा डोकं झटकणं किंवा एकाच बाजूनं कान जमिनीवर घासणं दिसलं की त्याच आठवड्यात दवाखाना. मळाचा ठिपका काचेवर घेऊन डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, यीस्ट आहे की जंतू ते ठरतं, आणि औषध त्याप्रमाणे बदलतं. म्हणून शेजारच्या कुत्र्याचे उरलेले थेंब आपल्या कुत्र्याला घालू नका.

ब्रुनो पुण्याला गेल्यावर पुतण्या आठवडाभर रोज सकाळी फोनवर वास सांगत होता. सहाव्या दिवशी म्हणाला, "काका, डावा कान थोडा आंबट वाटतोय." त्याच संध्याकाळी दाखवलं, यीस्टची सुरुवात निघाली. दोन आठवड्यांच्या थेंबांत कान कोरडा झाला, पाळी फुगायची वेळ आली नाही.